ओला दोर, कोरडा दोर

मला दुपारी झोप येते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बबितानं स्वप्नात पाहिलं आणि खरं म्हणून सांगितलं. आमचं ऑफिस मळवलीत, स्टेशनापासून थोडं आत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत आहे. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल हळूच थरथरतं, कीबोर्डवर पांढरा थर बसतो आणि माझे डोळे मिटायला लागतात. राजेश्वरीताई म्हणतात, बबिता, तुझं अर्धं काम तू करतेस आणि अर्धं गिरणी करते. ताई आमच्या संस्थेच्या प्रमुख. पवनानगरच्या शेतकरी घरातल्या, आवाज खणखणीत, मन मऊ. पण ते मऊपण त्या सहसा कुणाला दाखवत नाहीत.

संस्था म्हणजे काय, तर आम्ही चार माणसं आणि एक कपाट. मावळातल्या डोंगरावरच्या वाड्यांच्या पाण्याचं काम करतो. यंदा पुण्याची एक कंपनी पाच वाड्यांना टाकी आणि पंप देणार होती, तेही उन्हाळा कडक होण्याआधी. कुठल्या पाच, ते आम्ही ठरवायचं. ताईंनी नियम साधा ठेवला होता. मे महिन्यात विहिरीच्या काठापासून पाणी जितकं खाली, तितका त्या वाडीचा नंबर वर.

नियम साधा, पण नोंदी चार ठिकाणी. आरोग्य उपकेंद्राचे तक्ते होते, कारण पाण्यात जंतू मारायची पावडर किती टाकायची ते ठरवायला त्यांना विहिरीत पाणी किती उभं आहे ते मोजावं लागतं. भूजलाच्या एका जुन्या पाहणीचे छापील तक्ते होते. ग्रामपंचायतीचे टंचाईचे कागद होते. आणि वाडीवरच्या शाळेत एका गुरुजींनी वर्षानुवर्षं हातानं आखलेली वही होती. सगळ्यांचे फोटो काढून किंवा स्कॅन करून कुणी ना कुणी आम्हाला पाठवलेले. काही तिरके, काहींच्या कडेला अंगठा आलेला, आणि बऱ्याच तक्त्यांत मथळा फक्त पहिल्या पानावर. पुढची पानं नुसत्या आकड्यांची, बिनचेहऱ्याची.

या सगळ्याचा एकच तक्ता करायचा, तर आधी रकान्यांची नावं जुळवायला हवीत. एक म्हणतो ‘वाडी’, दुसरा ‘वस्ती’, तिसरा ‘ठिकाण’. विहिरीला कुणी विहीर म्हणतं, कुणी सरकारी थाटात उद्भव. ‘ता.’ असा रकाना एका कागदावर तारीख असतो आणि दुसऱ्यावर तालुका. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असलेल्या रकान्यांची तर मला सवयच झाली होती. ‘पाणीपातळी’ असं झोकात लिहिलेलं असायचं आणि खाली सगळीकडे ‘बरी’, ‘बरी’, ‘बरी’.

म्हणून आम्ही एक वेगळी शीट ठेवली होती. डावीकडे रकान्याचं मूळ नाव, जसं कागदावर आहे तसंच, कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावर तेही. मधे आमचं ठरलेलं नाव. शेवटी ‘का’ असा रकाना, म्हणजे हे नाव त्या नावात का घातलं, आणि आकड्यांना काही करावं लागलं का. फुटाचे मीटर केले, हाताचे मीटर केले, वगैरे. ऑफिसात या शीटला सगळे ‘सोयरीक’ म्हणत. डावीकडचं ते माहेरचं नाव आणि मधलं ते सासरचं. ताईंचा हुकूम असा की माहेरचं नाव कधी पुसायचं नाही. उद्या सोयरीक चुकली असं निघालं, तर पोरीला परत जायला घर पाहिजे.

मी स्वतः भाजे गावात नांदते. माझं माहेर उंबरपट्टी, कुरवंड्याच्या वरच्या अंगाला असलेली ठाकरांची वाडी. आई, सारजाबाई, तिथं एकटीच राहते. विहीर वाडीपासून खाली, घसरड्या वाटेनं उतरून. गेल्या वैशाखात ती हंड्यासकट तिथं घसरली आणि उजवा हात मनगटात मोडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. आता बोटं सरळ होत नाहीत. तरी रोज उतरते. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणते, तुज्या घरात नळाचा आवाज येतो, मला झोप लागत न्हाई.

तेव्हा मला काय हवं होतं ते उघड आहे. उंबरपट्टी त्या पाचांत यायला हवी होती. मी कुणाला बोलले नव्हते, पण टायपिंग करताना प्रत्येक आकड्यामागे मला ती वाट दिसायची.

ताईंनी गुरुजींच्या वहीची सोयरीक आधीच लावून टाकली होती. वहीत दर महिन्याला एक आकडा आणि वर मथळा ‘दोर (हात)’. ताई म्हणाल्या, दोर म्हणजे काठापासून पाण्यापर्यंत सोडलेला दोर, सरळ आहे. एक हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, पंचेचाळीस सेंटिमीटर धर, त्यानं गुणून ‘काठापासून पाणी’ मधे टाक. मी टाकलं. तक्ता जोडला, मे महिन्याप्रमाणे लावला. उंबरपट्टी सगळ्यात खाली. मेमधे दोर दोन हात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात पाणी काठावरून हात घालून घेता येईल इतकं वर.

मी बघत बसले. खाली गिरणी सुरू होती, कुणाची तरी बाजरी चालली असावी, वासावरून. मला वाटलं मी आईला खोटं ठरवतेय. मग वाटलं, आईच तर मला लहानपणापासून खोटं सांगत नसेल? आणि बहुतेक तेव्हाच माझा डोळा लागला.

मी विहिरीवर होते. लहान होते, कारण काठ माझ्या छातीपर्यंत येत होता. खाली धुकं होतं आणि आई धुक्यात दोर सोडत होती. दोराच्या टोकाला दगड. दगड बुडाला टेकल्याचा आवाज आला नाही, पण आईला कळलं, कारण दोर सैल पडला. तिनं तो वर ओढला, गोळा करत करत. मग दोराचा काळा, ओला भाग तिनं आपल्या हातावर मोजला, कोपरापासून बोटापर्यंत, मग पुन्हा कोपरापासून. पाण्याचे थेंब माझ्या पायावर पडत होते, इतके गार की मी पाय उचलला. त्या धक्क्यानं जागी झाले तर पाय टेबलाखाली आपटला होता.

समोर स्क्रीनवर उंबरपट्टीचे आकडे तसेच होते. मी वहीतली पुढची पानं काढली. मेमधे दोन, भाद्रपदाच्या सुमारास नऊ. पुन्हा दोन, पुन्हा नऊ. पावसानंतर पाणी खाली जातं आणि उन्हाळ्यात वर येतं, अशी विहीर अख्ख्या मावळात नसेल. कोरडा दोर मोजला असता तर आकडे उलटे असायला हवे होते. हा ओला दोर होता. उरलेलं पाणी.

मी ताईंना दाखवलं. आकडे उलटे आहेत हे त्यांनी लगेच मानलं. तसं मानायला त्यांना कधी जड जात नाही. पण ओला दोर कशावरून, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या.

“स्वप्नाला पान नंबर नसतो, बबिता,” त्या म्हणाल्या. “‘का’ या रकान्यात मी काय लिहू? आणि वर ते तुझं माहेर.”

ते मला लागलं. पण बरोबरच होतं. कुंपणानंच शेत खाल्लं असं उद्या कुणी म्हणालं असतं, तर नाव संस्थेचं गेलं असतं. गुरुजींना विचारावं तर ते मागेच वारले. तेव्हा जाऊन बघायचं ठरलं. ताई स्वतः येणार आणि प्रश्नही त्याच विचारणार. मी तोंड उघडायचं नाही.

आम्ही लोणावळ्याहून रिक्षानं कुरवंड्यापर्यंत गेलो आणि मग पायी. सकाळचं धुकं अजून दरीत बसलेलं होतं. सावरीची लाल फुलं वाटेवर पडली होती, पण झाड कुठं आहे ते दिसत नव्हतं; नुसतीच फुलं वरून येत होती. ताई दर वळणावर थांबून म्हणत, आता आलं का. मी म्हणे, आलंच. अशी आलंच आलंच करत त्यांना मी वर नेलं. तेवढा वेळ मला फार हलकं वाटत होतं. धुक्यात माणसाला कुठलाच नंबर नसतो.

आई विहिरीच्या काठावर बसलेली होती. शेजारची सून मंगल पाणी काढत होती. ताईंनी रामराम केला, बसल्या, घाम पुसला, आईच्या हाताची चौकशी केली. मग सहज विचारलं, पाणी किती आहे ते तुम्ही लोक कसं बघता? एवढंच. ओला म्हणाल्या नाहीत की कोरडा म्हणाल्या नाहीत. मी दुसरीकडे बघत उभी राहिले, नाहीतर माझ्या तोंडावरून आईला उत्तर कळलं असतं.

आईनं मंगलला खूण केली. मंगलनं दोराला दगड बांधला, सोडला, सैल पडल्यावर वर ओढला आणि ओला भाग हातावर मोजला. “पाच,” ती म्हणाली. ताईंनी विचारलं, वरचा कोरडा दोर का नाही मोजत? आईला तो प्रश्न वेडगळ वाटला असावा.

“वरचं मोजून काय करायचं, बाई? तितं काय पाणी हाय व्हय? किती उरलं त्ये बगायचं. म्हंजी कुनी किती न्यायचं त्ये ठरवता येतं.”

गुरुजी मुलांना दर महिन्याला इथं आणायचे, बायका जो आकडा सांगायच्या तो वहीत लिहायचे, हेही आईनं सांगितलं. माझं स्वप्न खरं होतं. स्वप्न कसलं, आठवणच होती. मी आश्रमशाळेत गेले तेव्हा ती मागे राहिली आणि पुन्हा कधी तिची गरज पडली नव्हती.

मग ताईंनी टेप काढून विहिरीची एकूण खोली मोजली, बुडापासून काठापर्यंत. आमच्या हिशेबानं बारा हात. म्हणजे सोयरीक मोडायची नव्हती, फक्त रीत बदलायची होती. खोलीतून ओला दोर वजा करायचा, जे राहील ते ‘काठापासून पाणी’. मेमधे बारातून दोन गेले, राहिले दहा. उतरताना ताई फार खूश होत्या. म्हणाल्या, उंबरपट्टी बहुतेक वर जाईल. मला तर नाचावंसं वाटत होतं.

ऑफिसात येऊन ताईंनी ‘का’ मधे स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘दोर म्हणजे ओला दोर, उंबरपट्टीला प्रत्यक्ष पाहिले, खोलीतून वजा.’ आणि हा नियम गुरुजींच्या सगळ्या वहीला लावायला सांगितला. वहीच्या पहिल्या भागात उंबरपट्टी होती. मग गुरुजींची बदली पवनानगरच्या पलीकडे तळपेवाडीला झाली, म्हणून दुसरा भाग तळपेवाडीचा. ताई म्हणाल्या, एकच गुरुजी, एकच वही, एकच मथळा. तळपेवाडीच्या विहिरीची खोली पाहणीच्या तक्त्यात आहेच, ती घे. त्या खाली गिरणीवाल्याशी भाड्याचं बोलायला गेल्या.

मी नियम लावला. तक्ता पुन्हा लावला. उंबरपट्टी पाचवी.

पाचवी. मी ते नाव पडद्यावर बोटानं धरून बघितलं. टाकी वाडीच्या वर बसणार, पाइप आईच्या दारावरून जाणार, ती नळाच्या आवाजाला नावं ठेवणार, आणि मी म्हणणार की घे, आता झोप. मला इतका आनंद झाला की मी उगाच कीबोर्डवरचं पीठ फुंकत बसले.

मग कोण खाली गेलं ते बघितलं. तळपेवाडी. आधी ती वरून दुसरी होती; आता पार तळाला. तिच्या वहीत मेमधे दोर सतरा हात होता. नव्या नियमानं सतरा हात म्हणजे पाणी, विहीर काठोकाठ. आणि भाद्रपदात चार. म्हणजे पावसानंतर विहीर रिकामी आणि मेमधे भरलेली. मी हेच चित्र आदल्या आठवड्यात पाहिलं होतं, फक्त दुसऱ्या वाडीचं. आकडे पुन्हा उलटे झाले होते. या वेळी ते माझ्या बाजूनं उलटे होते.

खरं सांगते, मला तळपेवाडीचा राग आला. मी ती कधी पाहिली नव्हती, तिथं माझं कुणी नव्हतं, तरी राग आला. कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तरही तयार होतं: ताईंनीच सांगितलं, ताईंनीच लिहिलं. यादी सोमवारी जायची होती. ताई एवढ्या आकड्यांत पुन्हा डोकं घालणार नव्हत्या. गिरणी बंद झाली, खोली एकदम गप्प झाली, आणि त्या गप्प खोलीत मला झोपही येईना.

घरी जाताना मला सारखं वाटत होतं की मी पुन्हा त्या धुक्यातल्या विहिरीवर आहे, पण दोर सोडणारी बाई आई नाही. पदर डोक्यावरून घेतलेला, तोंड दिसत नाही. ती वाट बघतेय की मी विचारेन, आणि मी विचारत नाही.

रविवारी मी जीपनं पवनानगरला गेले. धरणाच्या पाण्यावर उन्हाची साय आली होती, काठावर तंबूवाल्यांचे रंगीत कपडे वाळत होते. तिथून तळपेवाडी चढावर. एवढं पाणी खाली पसरलेलं दिसतं आणि वर प्यायला नाही, हे मावळात कुणालाच नवल वाटत नाही. मलाही वाटलं नाही. विहिरीवर एक म्हातारी होती, भामाबाई. मी माझं नाव सांगितलं, संस्था सांगितली, माहेर सांगितलं नाही. आणि ताईंनी विचारला होता तसाच प्रश्न विचारला. पाणी किती आहे ते तुम्ही कसं बघता?

भामाबाईनं दगड बिगड काही बांधला नाही. हंडाच सोडला. हंडा पाण्यावर टेकला तसा तिनं काठाशी दोर चिमटीत धरला, आणि हंडा भरून वर ओढल्यावर त्या चिमटीपासून हंड्यापर्यंतचा दोर मोजला. ओढता ओढता तिनं दोनदा दम घेतला. मी हात लावायला गेले तर नको म्हणाली.

“खाली किती हाय त्ये कुनी बगितलंय?” ती म्हणाली. “आमी वढतो तेवढं मोजतो. दोर वाडला की समजायचं, उन्हाळा आला.”

आईला उरलेलं मोजायचं होतं, भामाबाईला ओढायचं होतं. दोघींनी गुरुजींना खराच आकडा सांगितला आणि गुरुजींनी दोन्ही एकाच मथळ्याखाली नीट, सुवाच्य अक्षरात लिहिला. त्यांना वेगळा रकाना करावासा वाटला नसेल. ते तिथं उभे होते, त्यांना माहीत होतं. आम्ही मात्र उंटावरून शेळ्या हाकत होतो.

परतीच्या जीपमधे मला खिडकीची जागा मिळाली. मी रडले थोडी. शेजारच्या बाईनं काही न विचारता आपल्या पिशवीतली करवंदाच्या लोणच्याची बाटली वास घ्यायला दिली. तिला वाटलं गाडी लागली. मी वास घेतला.

सोमवारी सकाळी ताई यायच्या आधी मी सोयरीक उघडली. ‘दोर (हात)’ ची एक ओळ होती, तिच्या दोन केल्या. माहेरचं नाव दोन्हीकडे तेच, पानं वेगळी. पहिलीत: ओला दोर, उंबरपट्टीची पानं, खोलीतून वजा. दुसरीत: कोरडा दोर, तळपेवाडीची पानं, नुसतेच मीटर करायचे. ‘का’ मधे भामाबाईचं नाव आणि मी स्वतः पाहिलं ते लिहिलं. तक्ता पुन्हा जोडला. सगळ्या विहिरी पावसानंतर वर आल्या आणि उन्हाळ्यात खाली गेल्या, जशा जाव्यात तशा. तळपेवाडी पुन्हा दुसरी. उंबरपट्टी सहावी.

ताई आल्या. मी खुर्ची सोडली. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या, यादी वाचली, पुन्हा ओळी वाचल्या. खाली गिरणी सुरू झाली आणि टेबल थरथरू लागलं. मला वाटलं त्या शाबासकी देतील किंवा न सांगता गेले म्हणून रागावतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“सारजाबाईंना कोण सांगणार?”

मीच, म्हटलं.

त्या दुपारी मी ताईंकडे एक मागणी केली. यंदाच्या यादीला हात लावायचा नाही, पण आमच्या ठरलेल्या नावांत एक रकाना वाढवायचा: ‘उरलेलं पाणी’. जिथं ते मोजलं असेल तिथं तसंच ठेवायचं, वजाबाकीत विरघळवून टाकायचं नाही. पुढच्या वर्षी नियम करताना दोन्ही बघू, ताई म्हणाल्या. आणि आपल्या हातानं तो मथळा टाइप केला. त्याच्याखाली उंबरपट्टीची जुनी पानं आणि आरोग्य उपकेंद्राच्या नोंदी आपसूक येऊन बसल्या. आता पुढचे महिने भरायचे होते.

आईकडे गेले तेव्हा संध्याकाळ कलत होती. दरीत पुन्हा धुकं भरत होतं. आई विहिरीवरच होती, एकटी. मी तिच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पाचवी झाली होती तेही सांगितलं. ते गिळलं असतं तर बरं, असं नंतर वाटलं. ती ऐकत होती. तळपेवाडीचा दोर किती, एवढंच तिनं विचारलं. सतरा हात, म्हटलं.

“सतरा,” ती म्हणाली. “आगं, त्या बायांचं हात न्हाईत का दुखत?”

मला तिची माफी मागायची होती, पण कशाची ते शब्दांत येईना. मी नवीन रकान्याचं सांगितलं. तुम्ही मोजता तेच आता तक्त्यात जाणार, उरलेलं पाणी. तिला बहुतेक बरं वाटलं, किंवा मला बरं वाटावं म्हणून तिनं तसं दाखवलं. ती उठली, दगड बांधला आणि डाव्या हातानं दोर सोडू लागली. दोर सैल पडला. आम्ही दोघींनी मिळून वर ओढला.

ओला भाग तिनं उजव्या हातावर धरला, सवयीनं. बोटं सरळ होईनात. कोपरापासून कुठपर्यंत मोजायचं तेच त्या हाताला आता कळत नव्हतं. तिनं क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझा हात ओढून घेतला, बाही वर सारली, कोपर आपल्या मांडीवर टेकवलं आणि गार, ओला दोर माझ्या हातावर ताणून धरला. एकदा, मग पुन्हा कोपरापासून. थेंब माझ्या पायांवर पडत होते. या वेळी मी पाय उचलला नाही.

“चार,” आई म्हणाली. “लिव.”